फ्रेंच प्रश्नावलीचं बॅक ट्रान्सलेशन: दोन ओळी जुळत नाहीत, मदत हवी आहे

रेवा_क
नमस्कार मंडळी. जरा घाईत आहे, शुक्रवारी फाइल एथिक्स कमिटीकडे जायची आहे. आमची प्रश्नावली मूळ इंग्रजीत आहे. विषय रात्रपाळी करणाऱ्यांची झोप आणि जेवणखाण. तिचं फ्रेंच भाषांतर झालं, मग दुसऱ्या व्यक्तीकडून ते परत इंग्रजीत करून घेतलं. जवळजवळ सगळे प्रश्न मुळाशी शब्दशः जुळले, फक्त दोन ठिकाणी गाडी अडली आहे.

पहिलं, मुळात ‘शिफ्ट संपल्यावर आय फील ड्रेन्ड’ असं होतं. परत आलं ‘एम्प्टीड’. फ्रेंचमध्ये ‘विदे’ लिहिलं आहे.
दुसरं, मुळात ‘ॲट लीस्ट पाच तास झोप झाली का’. परत आलं ‘पाच तासांपेक्षा कमी झोप झाली का’.

फ्रेंच कसं बदलू म्हणजे या दोन्ही ओळी जुळतील? आणि साधारण किती टक्के जुळलं की पास धरतात?

पराग_नाशिक
फ्रान्सच्या व्हिसासाठी असेल तर हे चालणार नाही, रेवाताई. शपथबद्ध भाषांतरकाराचा शिक्का लागतो. माझ्या भाच्याची जन्मदाखल्याची प्रत त्यावरूनच परत आली होती. आधी यादी बघून घ्या.

रेवा_क
व्हिसाचा काही संबंध नाही हो. संशोधनातली प्रश्नावली आहे.

कोथरूडकर
मी बरीच वर्षं फ्रेंच भाषांतरं करतो, त्यात औषध कंपन्यांच्या प्रश्नावल्याही आल्या. माझा नियम सरळ आहे. उलट भाषांतर एकाकडून नाही, दोघांकडून करून घ्यायचं, दोघांनीही मूळ इंग्रजी पाहिलेलं नसावं आणि ९५ टक्क्यांच्या वर जुळायला हवं. ‘विदे’ काढून टाका. ‘फातिगे’ लिहा, परत येताना ‘टायर्ड’ येईल, भानगड मिटली.

अनघा_टोरोंटो
रेवा, ‘विदे’ला हात लावू नकोस. ‘ड्रेन्ड’ म्हणजे नुसतं दमणं नव्हे, अंगात काही उरलेलं नसणं. फ्रेंच माणूस नेमका तेव्हाच ‘विदे’ म्हणतो. उलट भाषांतर करणारीने शब्दाला शब्द ठेवला म्हणून ‘एम्प्टीड’ आलं, फ्रेंचमध्ये चूक नाही. ‘फातिगे’ केलंस तर कागदावर जुळेल, पण प्रश्नाची धार जाईल. साधं दमलेलेही ‘हो’ म्हणतील.

टक्केवारीचा नियम मला तरी कुठल्याही मार्गदर्शिकेत भेटलेला नाही. कोथरूडकर, मूळ न दाखवण्याबद्दल आणि दोघांबद्दल मात्र तुम्ही बरोबर आहात.

दुसऱ्या प्रश्नात फ्रेंचमध्ये काय लिहिलंय? ‘ओ म्वँ’, म्हणजे निदान, की ‘म्वँ द’, म्हणजे पेक्षा कमी?

आणि मुख्य प्रश्न. फॉर्म भरणारे लोक कुठले? भाषांतर कुणी केलं?

रेवा_क
आत्ता पाहिलं, ‘म्वँ द’ आहे. म्हणजे ही खरीच चूक, प्रश्नच उलटा झाला होता. ‘ओ म्वँ’ करते.

फॉर्म गॅटिनोच्या हॉस्पिटलमधले कर्मचारी भरणार, नदीच्या अलीकडे ओटावात इंग्रजी फॉर्म चालू आहे. भाषांतर पुण्यातल्या मैत्रिणीने केलं, फ्रेंचची सी-वन, म्हणजे वरच्या पातळीची परीक्षा झालेली आहे. उलट भाषांतर तिच्याच बॅचमधलीने. मूळ इंग्रजी तिला दाखवलं नव्हतं. पण लोक कुठले याने काय फरक पडतो? बाकी सगळं तर जुळलं आहे.

अनघा_टोरोंटो
गॅटिनो म्हणजे क्वेबेक! हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. जेवणाचे प्रश्न फ्रेंचमध्ये जसेच्या तसे टाक बघू.

रेवा_क
एकात आहे, गेल्या ७ दिवसांत ‘पती देजने’, ‘देजने’, ‘दिने’ किती वेळा चुकलं. नंतर वेगळ्या पानावर, ‘दिने’ आणि ‘पोस्त द न्वी’ सुरू होणं यांत किती वेळ जातो. परत आलं ते ब्रेकफास्ट, लंच, डिनर, नाइट शिफ्ट. एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

अनघा_टोरोंटो
एक अक्षर हललं नाही, तिथेच खरा धोका आहे.

फ्रान्समध्ये सकाळचं ‘पती देजने’, दुपारचं ‘देजने’, रात्रीचं ‘दिने’. क्वेबेकमध्ये सकाळचं ‘देजने’, दुपारचं ‘दिने’ आणि रात्रीचं ‘सुपे’. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्येही तीच पद्धत आहे. तुझ्या दोघी मैत्रिणी एकाच प्रकारचं, पॅरिसचं फ्रेंच शिकल्या. पहिलीने डिनरचं ‘दिने’ केलं, दुसरीने ‘दिने’चं डिनर केलं. दोघी आपापल्या जागी बरोबर आहेत, म्हणून तपासणीत काहीच दिसलं नाही. पण फॉर्म भरणारी गॅटिनोची नर्स त्या साखळीत कुठेच नाही.

आता तिचं उत्तर कसं येईल ते बघ. तिची पाळी रात्री साडेअकराला लागते. ती दुपारी साडेबाराला जेवली आणि संध्याकाळी साडेसहाला जेवली. तुला हवं आहे शेवटचं जेवण, म्हणजे उत्तर ५ तास. ती ‘दिने’ म्हणजे दुपारचं धरून ११ तास लिहील. ओटावाची नर्स त्याच दिनक्रमात ५ लिहील. पुढे तुमच्या तक्त्यात दिसेल की फ्रेंच बोलणाऱ्या नर्सेस उपाशीपोटी कामावर जातात, आणि कुणीतरी त्यावर पेपर लिहील.

तीन जेवणांच्या प्रश्नात ओळीने तिन्ही नावं आहेत, तिथे ती क्रमावरून ओळखून घेईल. वेगळ्या पानावरच्या प्रश्नात असा आधारच नाही. ‘पोस्त’ही तिकडे चटकन पाळी म्हणून वाचला जाणार नाही, नोकरीतलं पद असा अर्थ आधी लागेल. पाळीला ‘कार द न्वी’ म्हणतात.

मेळघाट_रिटर्न
अहो, हे अगदी आमच्याकडे झालं होतं. पोषणाच्या सर्व्हेत ‘सकाळी नाश्ता केला का’ असा प्रश्न होता. बायका ‘नाही’ म्हणायच्या, आणि चुलीशेजारी चहा आणि रात्रीची भाकरी खाऊन बसलेल्या असायच्या. त्यांच्या लेखी नाश्ता म्हणजे पोहे, उपमा, हॉटेलात मिळतं ते. मग आम्ही ‘सकाळी उठल्यापासून काय काय तोंडात टाकलं’ असं विचारायला लागलो. त्यालाही आमच्या एका सुपरवायझरचा आक्षेप होता, कारण उत्तरात तंबाखू यायची.

कोथरूडकर
क्वेबेकचं मान्य. खरं तर जुन्या फ्रान्समध्येही ‘दिने’ दुपारचंच होतं. पॅरिसवाले हळूहळू उशिरा जेवायला लागले आणि नावं पुढे सरकली, क्वेबेकने जुनं धरून ठेवलं. पण अनघाताई, यावरून बॅक ट्रान्सलेशन निरुपयोगी असं म्हणाल तर मला पटणार नाही. ब्रिस्लिनने १९७० मध्ये मांडलेली पद्धत आहे, आणि बऱ्याच वैद्यकीय प्रश्नावल्यांचे हक्कधारक त्याशिवाय भाषांतर मंजूर करत नाहीत.

अनघा_टोरोंटो
निरुपयोगी म्हणतच नाही. ‘म्वँ द’ त्यानेच पकडलं ना? गळलेला शब्द, उलटलेला नकार, ७ दिवसांच्या जागी महिना, हे सगळं त्यात सापडतं. ज्या संशोधकाला ती भाषा येतच नाही, त्याच्याजवळ निदान काहीतरी बघायला असतं. पण फ्रेंच वाचणाऱ्याला ते नैसर्गिक वाटतं का आणि तो त्यातून काय समजतो, हे उलट भाषांतर सांगू शकत नाही. उलट शब्दाला शब्द ठेवलेलं अवघड फ्रेंच जास्त छान जुळतं.

म्हणून युरोपियन सोशल सर्व्हेने वेगळी वाट धरली. तिथे दोघे जण स्वतंत्र भाषांतर करतात, मग विषयाचा जाणकार घेऊन एकत्र बसतात, ओळ न् ओळ भांडून एक मसुदा ठरवतात आणि तो माणसांवर वापरून बघतात. जॅनेट हार्कनेस यांनी मांडलेली ती पद्धत आहे. बीटन आणि सहकाऱ्यांची २००० सालची मार्गदर्शिका मधली वाट धरते. तिच्यात दोन भाषांतरं आहेत, दोन उलट भाषांतरंही आहेत, पण निर्णय समिती घेते आणि शेवटी ३० ते ४० जणांवर चाचणी होते.

रेवा_क
शुक्रवारपर्यंत ४० माणसं कुठून आणू? कमिटीने फक्त बॅक ट्रान्सलेशनचा अहवाल मागितला आहे. सरळ ‘दिने’चं ‘सुपे’ करून टाकू का?

कोथरूडकर
‘सुपे’ करा आणि मोकळ्या व्हा. उलट भाषांतर करणारीला आधीच कळवा, म्हणजे ती डिनरच लिहील.

अनघा_टोरोंटो
तिला आधी सांगितलं तर तपासणी कसली राहिली, दादा?

नुसतं ‘सुपे’ करणंही मला पुरेसं वाटत नाही. गॅटिनोच्या हॉस्पिटलात फ्रान्सहून, मोरोक्कोहून, पश्चिम आफ्रिकेतून आलेले लोकही असणार, आणि सगळे क्वेबेकसारखीच नावं वापरत असतील असं नाही. ‘रपा द्यु स्वार’, म्हणजे संध्याकाळचं जेवण, कुणालाही कळेल. त्याहून बरं म्हणजे जेवणाचं नावच न घेता विचारायचं, की कामावर निघण्याआधी शेवटचं पोटभर किती वाजता खाल्लंत. वेळेचं अंतर तुम्ही नंतर काढा. आणि इंग्रजी प्रश्नही तसाच करा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या राहतील.

रेवा_क
इंग्रजीला हात लावता येणार नाही. ओटावाचे निम्मे फॉर्म भरून झाले आहेत. सर ऐकणार नाहीत.

अनघा_टोरोंटो
मग अडचण आहे. इंग्रजी ‘डिनर’ तसाच ठेवून फ्रेंचमध्ये ‘शेवटचं पोटभर खाणं’ विचारलंस तर ते दोन वेगळे प्रश्न होतील. अशा वेळी फ्रेंचमध्ये ‘रपा द्यु स्वार’ ठेव, आणि अहवालात स्पष्ट लिही की उलट भाषांतरात ‘इव्हनिंग मील’ आलं, ते का स्वीकारलं. ‘विदे’चंही तसंच. न जुळलेली ओळ, तिचं कारण, काय ठेवलं आणि कुणी ठरवलं, असा तक्ता दे. माझ्या अनुभवात कमिटीला तो कोऱ्या ‘सगळं जुळलं’पेक्षा जास्त पटतो.

चाळीस नाही मिळाले तर निदान पाचसहा जणांना फ्रेंच फॉर्म भरायला दे. भरून झाल्यावर ‘प्रश्न समजला का’ असं विचारू नकोस, सगळे ‘हो’ म्हणतात. ‘हे उत्तर लिहिताना कुठलं जेवण डोळ्यांसमोर होतं, किती वाजताचं’ असं विचार.

सुहास_गॅटिनो
धागा उशिरा पाहिला. माझी बायको इथे रात्रपाळीला असते. सकाळी नऊला झोपते, दुपारी चारला उठून पहिल्यांदा खाते. मी तिला आत्ताच विचारलं, तर म्हणाली, चारचं ते माझं ‘देजने’, आणि पहाटे अडीचला ब्रेकमध्ये डबा खाते ते ‘सुपे’. ‘रपा द्यु स्वार’ विचारलं तर कुठलं लिहिशील म्हटलं, तर तिने मलाच विचारलं की त्यांना नक्की काय हवंय.

रेवा_क
सुहासदादा, हे तर इंग्रजी फॉर्मलाही लागू होतं की! ओटावात ‘डिनर’ला लोकांनी काय लिहिलंय कोण जाणे. आज सरांना दोन्ही फॉर्म शेजारी ठेवून दाखवते. तुमच्या बायकोच्या पाळीतले आणखी तीनचार जण वीस मिनिटं देतील का? मी फॉर्म घेऊन तिकडे येते, रविवार सोडून कधीही.

पराग_नाशिक
शिक्का मग लागणार नाही ना याला?