गोळी चालू असताना दारू घेतली तेव्हा काय झालं? आपापला अनुभव लिहा

मानेवाडा: अक्कलदाढ काढल्यावर मेट्रोनिडाझोल 400 दिली होती, दिवसातून तीनदा, 5 दिवस. 'दारू घेऊ नका' म्हणाले, पण गोळ्या संपल्यावर किती दिवस, ते मी विचारलं नाही. शेवटची गोळी शुक्रवारी रात्री घेतली. शनिवारी रात्री मावसभावाच्या हळदीत दुसरा पेग संपायच्या आत कान तापले, मान-छाती लालबुंद झाली. मग डोकं ठणकलं, छाती धडधडायला लागली, सावजी रस्सा सगळा बाहेर. बायकोला वाटलं, जास्त झाली. दवाखान्यात बीपी 90/60 निघालं, सलाईन लावलं, पहाटे बरं वाटलं. कोणाला असं झालं असेल तर शेवटच्या गोळीनंतर किती तासांनी, ते नक्की लिहा.

महाल: मला तर काहीच नाही झालं जी. जुलाबासाठी हीच गोळी चालू होती, तिसऱ्या दिवशी बीअर घेतली अन् मस्त झोपलो. डॉक्टर लोक उगाच घाबरवून राहिले.

धंतोली (औषधाचं दुकान, 22 वर्षं): भाऊ, तुमचं खोटं नाही, सगळ्यांना होत नाही. 2002 मध्ये फिनलंडमध्ये 12 जणांवर तपासलं, तेव्हा दारूतून तयार होणारं विषारी द्रव्य या गोळीमुळे रक्तात वाढलेलं दिसलं नाही. मग मानेवाड्याच्या भाऊंना जे झालं ते कशानं, यावर अजून वाद आहे. पण कोणाला होईल हे आधी कळत नाही. म्हणून मी शेवटच्या गोळीनंतर पूर्ण 3 दिवस थांबायला सांगतो.

सदर: मी तर ही गोळी 6 वर्षांपासून रोज घेतो, साखरेसाठी. 3 दिवस थांबायचं म्हणजे गोळी बंद करू का?

धंतोली: नका करू! तुमची मेटफॉर्मिन, नावच तेवढं जवळचं आहे. तिच्यानं अंग लाल होत नाही. चिठ्ठीत जोडीला ग्लिमेपिराइड आहे का, ते बघा.

प्रतापनगर: माझ्या बाबांना हीच जोडगोळी आहे. संध्याकाळी गोळी घेतली, जेवण टाळलं, मित्रांसोबत तीन पेग झाले. पहाटे 4 ला बनियन घामानं चिंब, बोलणं अडखळत होतं. आई म्हणाली, "झोपू दे, उतरेल." मी बोटाला सुई टोचली तर साखर 46. गिळता येत होतं म्हणून चार चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. 15 मिनिटांनी 78 झाली, मग पोळी-दूध दिलं.

धंतोली: तुम्ही मोजली म्हणून कळलं. साखर उतरलेला माणूस अगदी प्यायलेल्यासारखाच दिसतो. उपाशीपोटी यकृतच साखर पुरवतं, दारू तेच काम रोखते, अन् ग्लिमेपिराइड साखर खाली ओढतच राहतं. नुसत्या मेटफॉर्मिनवर हे क्वचित. तिथं भीती वेगळी: किडनी कमजोर, मे महिन्यात उलट्या-जुलाब, त्यात भरपूर दारू. मग रक्तात आम्ल साठू शकतं. दम लागला, पोट दुखलं, गुंगी आली, तर घरी थांबू नका.

गोधनी: आई दारूला शिवतही नाही, पण कुमारी आसव रोज दोन वेळा. कालपासून तिला मेट्रोनिडाझोल सुरू झाली.

धंतोली: आसव मुरताना त्यात आपोआप दारू तयार होते, बाटलीवर टक्केवारी छापलेली असते. सध्या थांबवा आणि डॉक्टरांना बाटली दाखवा. एवढ्याशा मात्रेनं त्रास होतोच असं नाही.

मानेवाडा: तासांचं अजून कोणी लिहिलं नाही. माझे 24 होते.