उत्तर: रात्री हंटिंग, दिवसा सुस्त

> जळगावच्या प्लँटमध्ये रात्री कमी फ्लोला लूप हंटिंग करतो, दिवसा फुल लोडला सुस्त. व्हॉल्व्ह लिनिअर आहे. ट्यूनिंग काय ठेवू?

दादा, आधी व्हॉल्व्हचा गेन बघा. लांब पाइपलाइनमुळे पूर्ण उघड्या व्हॉल्व्हवर एकूण प्रेशर ड्रॉपच्या १०% च उरत असेल, तर १० वरून २०% उघडताना फ्लो ३० वरून ५४% होतो. ७० वरून ८०% ला जेमतेम २% वाढतो. म्हणजे गेनमध्ये दहापटीहून जास्त फरक! एकच ट्यूनिंग दोन्हीकडे कसं चालेल? मॅन्युअलवर, प्रोसेसला झेपेल तेवढाच, दोन्ही लोडला ५% चा बंप देऊन खात्री करा. तेच दिसलं तर इक्वल पर्सेंटेज ट्रिम बसवा. त्याच दोन फ्लोंना मग हा फरक साधारण दुपटीवर येतो. तोवर ट्यूनिंग रात्रीच्या लोडला करा, दिवसाची सुस्ती परवडते.