'सांकेतिक पातळी' : येथे 'संकेत' म्हणजे काय?

प्रश्नकर्ती : शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मानसशास्त्रज्ञ कोहलबर्गचा नैतिक विकासाचा सिद्धांत शिकवताना त्यातल्या 'पूर्वसांकेतिक, सांकेतिक, उत्तरसांकेतिक' या तीन पातळ्यांपाशी माझे घोडे अडते. 'सांकेतिक' म्हटले की त्यांना गुप्त खुणांची भाषाच आठवते. दुसरा शब्द आहे का?

भाषांतरकार : हा 'लोकसंकेता'तला संकेत आहे, म्हणजे समाजाने मान्य केलेली रीत. मी 'रूढिपूर्व, रूढिनिष्ठ, रूढ्युत्तर' असे लिहितो. 'रूढिनिष्ठ'ला कर्मठपणाचा वास येतो, हे मात्र मान्य.

प्राथमिक शिक्षक : शब्द कोणताही घ्या, वर्गात पातळी लगेच ओळखू येते. चुगली न करणारे मूल वरच्या पातळीवरचे आणि शिक्षेच्या भीतीने सगळे सांगून टाकणारे खालच्या.

प्राध्यापक : भीतीबद्दल आपले बरोबर आहे, परंतु सांगितले की नाही यावरून पातळी ठरत नाही, दिलेल्या कारणावरून ठरते. समजा, चाचणीत मैत्रीण चिठ्ठी पाहून लिहीत होती आणि बाईंनी शेजारच्या मुलीला विचारले. तीन मुली म्हणतात, 'मी सांगणार नाही.' पहिलीचे कारण, 'ती मला मारेल'. दुसरीचे, 'तिने माझी वही पूर्ण करून दिली होती, मग मीही तिला सांभाळून घेणार'. तिसरीचे, 'मैत्रिणीचा विश्वास मोडणारी मुलगी सगळ्यांच्या मनातून उतरते.' निर्णय एकच असला तरी पहिल्या दोघी पूर्वसांकेतिक पातळीच्या अनुक्रमे पहिल्या व दुसऱ्या अवस्थेत आहेत आणि तिसरी सांकेतिक पातळीवर पोहोचली आहे. उलट, 'मी सांगेन, कारण सगळेच असे करू लागले तर परीक्षेला अर्थ उरणार नाही' असे म्हणणारी चौथी मुलगीही सांकेतिक पातळीवरच आहे, फक्त एक अवस्था पुढे. 'कॉपी करणे चूक आहे' एवढ्याच उत्तरावरून काहीही ठरवता येत नाही. तेथे 'का चूक?' आणि 'ती तुझी मैत्रीण नसती तर?' हे विचारावेच लागते. माझे विद्यार्थी नेमके तेथेच थांबतात आणि गुण देऊन मोकळे होतात.

एक पालक : माझी पाच वर्षांची मुलगी म्हणते, 'बाईंनी परवानगी दिली तर गणवेश नाही घातला तरी चालेल, पण त्यांनी सांगितले तरी कुणाला मारायचे नाही.' ती उत्तरसांकेतिक झाली म्हणायची का?

प्राध्यापक : नाही, त्या पातळीवर समाजाचे नियम समजून घेऊन मग ते तत्त्वांवर पारखले जातात. परंतु आपले उदाहरण मोलाचे आहे. मानसशास्त्रज्ञ ट्युरिएलने नेमका हाच मुद्दा मांडला की, नीती आणि संकेत यांतला फरक मुलांना फार लहानपणीच कळतो. त्याच्या लेखी संकेत म्हणजे गणवेशासारखा, ठरवून बदलता येणारा नियम, तर कोहलबर्गच्या सांकेतिक पातळीत मैत्रीतला विश्वासही येतो.

भाषांतरकार : मग ट्युरिएलसाठी 'संकेत' राखून कोहलबर्गला 'रूढी' द्यावी काय?

प्रश्नकर्ती : पण मैत्रिणीचा विश्वास राखणे याला 'रूढी' म्हणायला माझी जीभ रेटत नाही.