मदत हवी आहे: पहिला दिवस संपला, नेमकं कार्यालय सापडलं नाही. आधी कुठे जाऊ?

गोदाकाठची

नमस्कार. मी नांदेड जिल्ह्यातली. बी.एस्सी. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातून केलं आणि आता पुण्यातल्या एका महाविद्यालयात एम.एस्सी. वनस्पतिशास्त्राला प्रवेश मिळाला आहे. शेवटच्या फेरीत नाव लागलं. शनिवारी फी भरली, पावती घेतली, टीसी जमा केला. काल सोमवार, माझा पहिला दिवस. कुठे काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही, म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

सव्वादहाला विभागात पोचले. दुसरा मजला, जिन्याशेजारी काचेच्या कपाटात दाबून वाळवलेल्या वनस्पतींचे नमुने लावलेले. ते बघूनच इतका आनंद झाला! तास सुरू झाला, मॅडमनी हजेरी घेतली, सगळी नावं संपली तरी माझं आलं नाही. मी उभी राहिले. त्या म्हणाल्या, "यादी शेवटच्या फेरीच्या आधीची असेल. कार्यालयातून नंबर घेऊन ये, मी नाव चढवून घेते."

कार्यालय मुख्य इमारतीत, तळमजल्यावर. विद्यार्थी विभागाच्या खिडकीवर पाऊण तास रांगेत उभी राहिले. "नंबर हवा होता," म्हटलं. आतल्या ताईंनी पावती पाहून विचारलं, "बाहेरच्या विद्यापीठाची ना तू? मग पात्रता झाल्याशिवाय नंबर पडत नाही. पात्रता विभागात जा."

पात्रता विभाग जुन्या इमारतीत, ग्रंथालयाच्या मागे. एका खोलीत दोन टेबलं आणि भिंतीला लागून लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे. तिथले सर नीट बोलले. त्यांनीही नंबरच विचारला. मी बी.एस्सी.च्या गुणपत्रकावरचा पीआरएन सांगितला. ते म्हणाले, "हा आमचा नाही. मायग्रेशन आणलंस? ते आण, मग तुझा अर्ज घेतो."

मायग्रेशन मी काढलेलंच नाही. बाबांनी जुन्या कॉलेजात फोन केला तर कळलं की त्या अर्जाला टीसीची झेरॉक्स लागते. टीसी मी शनिवारी देऊन टाकला होता, झेरॉक्स न काढता. धावत खिडकीवर आले तर एक वाजून गेला होता. विद्यार्थ्यांची वेळ ११ ते १.

दुपारी वसतिगृहात गेले. रेक्टर मॅडमना शुक्रवारपर्यंत बोनाफाईड हवं, नाहीतर जागा प्रतीक्षा यादीतल्या मुलीला जाईल. शिष्यवृत्तीच्या टेबलावर सांगितलं, "बोनाफाईड आणि नंबर घेऊन ये." परत नंबर!

साडेचारला पुन्हा विभागाच्या जिन्यात येऊन बसले. पावतीची घडी दिवसभर मुठीत धरून ओली झाली होती, घडीवरची अक्षरं पुसायला लागली होती. मॅडम कुलूप लावून निघाल्या होत्या. त्यांनी विचारलं, "मिळाला का नंबर?" मला बोलताच आलं नाही.

मला तीनच गोष्टी विचारायच्या आहेत. यातलं कुठलं कार्यालय आधी? शुक्रवारपर्यंत बोनाफाईड मिळू शकतं का? आणि मायग्रेशनसाठी मला नांदेडला परत जावं लागेल का? सध्या मावशीच्या ओळखीतल्या एका घरी चार दिवसांपुरती राहते आहे.

---

सह्यकडा

पहिल्या दिवशी सगळ्यांचंच असं होतं. मोठ्या कॉलेजात मुख्य फाटकाजवळ नकाशाचा फलक असतो, त्याचा फोटो काढून ठेव. जुनी इमारत, नवी इमारत यातच निम्मा वेळ जातो. सुरक्षारक्षकांना विचार, त्यांना सगळं ठाऊक असतं.

गोदाकाठची

धन्यवाद दादा, पण खोल्या सापडत होत्या. प्रत्येक खोलीत पुढच्या खोलीचं नाव सांगत होते, ती खरी अडचण आहे.

---

लेखणी_सरळ

एक तर माहिती अधिकाराचा अर्ज टाक. २००५ चा कायदा आहे, लेखी उत्तर द्यावंच लागतं. दुसरं, मूळ कागदपत्रं त्यांनी ठेवून घेणंच चूक. २०१८ मध्ये यूजीसीने स्पष्ट सांगितलं आहे की मूळ प्रमाणपत्रं तपासून लगेच विद्यार्थ्याला परत द्यायची. त्यात शाळा सोडल्याच्या दाखल्याचाही उल्लेख आहे. सरळ टीसी परत माग.

---

माजी_अधीक्षक

मी एका अनुदानित महाविद्यालयात ३१ वर्षं कार्यालयात होतो, शेवटची काही वर्षं अधीक्षक म्हणून. प्रत्येक ठिकाणची पद्धत थोडी वेगळी असते, पण तुझी गाठ कुठे बसली ते मला दिसतंय.

पोरी, तू दिवसभर "नंबर" शोधलास, आणि तो दर टेबलावर वेगळा होता. मॅडमना हवा होता रोल नंबर. तो महाविद्यालय देतं, वर्गाच्या यादीपुरता, आणि त्याचा पात्रतेशी काही संबंध नाही. खिडकीवरच्या ताईंना वाटलं तू पीआरएन मागतेस. तो विद्यापीठ देतं, पात्रतेचा अर्ज गेल्यावर. तुझ्याकडचा पीआरएन तुझ्या आधीच्या विद्यापीठाचा, इथे तो फक्त संदर्भाला लागतो. शिष्यवृत्तीच्या टेबलाला बहुधा प्रवेश क्रमांक हवा असेल. तुझी पावती उघडून बघ, वरच्या बाजूला कुठेतरी छापलेला असतो. म्हणजे एक नंबर काल दिवसभर तुझ्या मुठीतच होता.

विद्यार्थी विभागाची तीच खिडकी पुन्हा गाठ, अकराच्या आधी. तोंडी काही मागू नकोस. प्राचार्यांच्या नावे तीन छोटे अर्ज लिहून ने. पहिल्यात लिही की प्रवेश शेवटच्या फेरीत झाला, फी भरली, पावती सोबत जोडली आहे, विभागाच्या यादीत नाव नाही, तरी रोल नंबर मिळावा. दुसरा बोनाफाईडसाठी. त्यात "वसतिगृह प्रवेशासाठी" हे कारण लिहायला विसरू नकोस, कारण बोनाफाईडवर कारण छापतात आणि शिष्यवृत्तीचं वेगळं काढावं लागतं. तिसरा टीसीच्या साक्षांकित प्रतीसाठी. शनिवारी दिलेला टीसी अजून प्रवेशाच्या गठ्ठ्यातच असेल. तो नस्तीत जाऊन कपाटात बसला की शोधायला दिवस लागतात, म्हणून हा अर्ज आजच दे.

प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती कर. एक आवक-जावकच्या टेबलावर द्यायची आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. खिडकीवर रोज शेकडो मुलं तोंडी बोलून जातात, त्यातलं काही कोणाच्या लक्षात राहत नाही. आवक क्रमांक पडलेला कागद मात्र कोणाच्या तरी टेबलावर असतोच आणि तो कुठे अडला ते विचारता येतं.

आता मायग्रेशन. पात्रता विभागात हमीपत्र देता येतं का ते विचार, की अमुक दिवसांत मायग्रेशन आणून देईन. आमच्याकडे आम्ही ते घेत होतो आणि तात्पुरता प्रवेश धरून वर्गात बसू देत होतो. तू लगेच गावी पळू नकोस. तुझ्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर अर्जाची पद्धत बघ. प्रत्यक्षच द्यावा लागणार असेल तर तुझ्या सहीचं अधिकारपत्र घेऊन वडील जाऊ शकतात का, हे निघायच्या आधी फोनवर विचारून घ्या. आणि टीसी, गुणपत्रक, मायग्रेशन या तिन्हींवर तुझं नाव अक्षरन् अक्षर सारखं आहे ना ते पाहा. आईचं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरून पात्रतेचे अर्ज परत आलेले मी पाहिले आहेत.

लेखणी_सरळ यांना: माहिती अधिकारात उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. हिला शुक्रवार गाठायचा आहे.

---

निशिगंधा_बेळगाव

अधीक्षक काकांनी सांगितलेलं हमीपत्र मी दिलं होतं आणि त्यातच फसले. बेळगावहून कोल्हापूरला शिकायला आले होते, म्हणजे राज्यही वेगळं आणि विद्यापीठही. हमीपत्र दिलं, वर्गात बसायला मिळालं आणि मी मायग्रेशन विसरूनच गेले. पहिल्या सत्राची परीक्षा झाली, सगळ्यांचे निकाल लागले आणि माझ्या नावापुढे "राखून ठेवला". तेव्हा धावाधाव केली. दुसऱ्या सत्राचा परीक्षा अर्ज भरायलाही त्रास झाला. गोदाकाठची, हमीपत्रावर जी तारीख लिहिशील ती वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव गं.

---

लेखणी_सरळ

तीस दिवसांचं बरोबर, घाईत लिहिलं. पण टीसीबद्दल मी माघार घेणार नाही. नियम असताना मुलीने स्वतःच्याच कागदाच्या प्रतीसाठी अर्ज का करायचा?

माजी_अधीक्षक

ती अधिसूचना मी वाचली आहे. गुणपत्रकं आम्ही तपासून लगेच परत देत होतो. टीसी मात्र नस्तीला लावत होतो, कारण मुलाचं नाव आधीच्या संस्थेतून कमी झाल्याचा आमच्याकडे तोच पुरावा असायचा. यावर आमच्या कार्यालयातही एकमत नव्हतं. हिला आज प्रत मिळणं महत्त्वाचं, तो वाद आपण वेगळ्या धाग्यावर करू.

---

गोदाकाठची

बुधवार, रात्रीचे नऊ. काका, ताई, सगळ्यांना मनापासून धन्यवाद.

काल रात्री तिन्ही अर्ज हाताने लिहून काढले. आज साडेदहालाच खिडकीवर होते. त्याच ताई होत्या. "नंबर" म्हणायच्या ऐवजी "वर्गातल्या हजेरीसाठी रोल नंबर" म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "अगं, मग सोमवारी असं का नाही बोललीस?" आणि संगणकावर बघून पावतीच्या मागेच लिहून दिला. ४७. दोन मिनिटंही लागली नाहीत. बाराच्या तासाला मॅडमनी हजेरीत सगळ्यात शेवटी माझं नाव लिहिलं आणि घेतलंही.

टीसी खरंच गठ्ठ्यातच होता. साक्षांकित प्रत मिळाली, तिचा फोटो बाबांना पाठवला. बोनाफाईडच्या अर्जाला आवक क्रमांक पडला आहे, सही उद्या दुपारनंतर होईल म्हणाले. प्राचार्य बाहेरगावी आहेत, उपप्राचार्यांची सही चालते असं कळलं. रेक्टर मॅडमना शिक्क्याची प्रत दाखवली, त्या म्हणाल्या, शुक्रवारी पाचपर्यंत थांबते.

पात्रता विभागातल्या सरांनी हमीपत्र घेतलं, पण फक्त १५ दिवसांचं. निशिगंधाताई, तारीख वहीत लिहिली आहे.

आता एकच अडलंय. टीसीवर माझं नाव आडनाव आधी असं आहे आणि बी.एस्सी.च्या शेवटच्या गुणपत्रकावर आडनाव शेवटी. अक्षरं तीच, क्रम वेगळा. मायग्रेशनच्या अर्जात कुठलं लिहू? बाबा परवा सकाळी विद्यापीठात जाणार आहेत, त्याआधी कोणी सांगू शकेल का?

माजी_अधीक्षक

गुणपत्रकावर आहे तसंच लिही, मायग्रेशन त्याच नोंदीवरून निघतं. क्रमाच्या फरकाला इथला पात्रता विभाग काय म्हणेल ते मात्र उद्याच त्या सरांना दोन्ही कागद समोर ठेवून विचार. ते प्रतिज्ञापत्र मागतील किंवा काहीच मागणार नाहीत, मी दोन्ही पाहिलं आहे. त्यांनी जे सांगितलं ते बाबा निघायच्या आधी त्यांना कळव.