सल्ला हवा: आठवीच्या मुलींच्या पाणी गाळण्याच्या मॉडेलला काय नाव द्यावं?

मास्तरीण_इगतपुरी:
नमस्कार. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात आमच्या आठवीच्या दोन मुली मॉडेल मांडणार आहेत. पावसाळ्यात इथल्या विहिरीचं पाणी चहासारखं येतं, त्यावरूनच त्यांना हे सुचलं. एक लिटर पाण्यात शेवग्याच्या दोन वाळक्या बियांचा गर कुटून घालायचा, मिनिटभर जोरात आणि मग दहा मिनिटं हळू ढवळायचं, तासभर तसंच ठेवायचं. वरचं पाणी जुन्या सुती साडीच्या चार पदरांतून, मग डब्यातल्या वाळू-कोळशातून गाळायचं. सगळा खर्च 140 रुपये.
मुलींनी नाव ठरवलंय "जलसंजीवनी". मला ते बरं वाटतं, पण मागच्या वर्षी प्रदर्शनात पाण्याची सहा मॉडेलं होती आणि आज मला एकाचंही नाव आठवत नाही. नाव मराठीच हवं आणि पाटीसाठी 50 रुपयांच्या वर खर्च करायचा नाही. सुचवा.

दादरकर:
मॅडम, पाटीवर पैसे वाचवू नका. माझ्या मुलाच्या वेळी आम्ही सनबोर्डवर अक्षरं कापून मागे एलईडी लावले होते, साडेआठशे रुपये झाले, पण स्टॉलवर गर्दी हटत नव्हती. नाव होतं "अ‍ॅक्वा निर्मल 2.0". दुसरा नंबर आला.

मास्तरीण_इगतपुरी:
दादा, साडेआठशेत आमची अशी सहा मॉडेलं होतील. नावाचं सांगा ना.

फार्मसीवाली:
ताई, "जलसंजीवनी" अजिबात नको. जुलाब झाल्यावर देतो त्या मीठ-साखरेच्या पाण्याला, म्हणजे ओआरएसला, मराठीत जलसंजीवनी म्हणतात. आरोग्य केंद्रात त्याच नावाची पोस्टर्स असतात. परीक्षकांना वाटेल मुलींनी ओआरएस केलंय, आणि पहिली दोन मिनिटं गैरसमज काढण्यातच जातील.

वैद्य_नाना:
सरळ "निवळी" ठेवा! आपल्याकडे पूर्वीपासून निवळीच्या बिया पाण्यात घालतात. शेवगा काय आणि निवळी काय, एकच गोष्ट.

गाळवाला (पाणीपुरवठ्यात 22 वर्षं):
नाना, नाव सुरेख आहे, पण झाड वेगळं. निवळीची बी मडक्याला आतून घासतात, तो वेगळाच वृक्ष आहे. परीक्षकांपैकी एखादे वनस्पतीशास्त्राचे सर निघाले तर पहिला प्रश्न तोच येईल आणि मुली नावापाशीच अडकतील.
मॅडम, बरीच प्रदर्शनं तपासली आहेत म्हणून सांगतो. पाण्याच्या मॉडेलांची नावं विसरतात कारण सगळी एकच दावा करतात. "शुद्ध", "निर्मळ", "अमृत" यांपैकी काहीही लिहा, परीक्षक खिशातून टीडीएस मीटर काढतो. वाळू, कोळसा आणि शेवगा यांनी विरघळलेले क्षार कमी होत नाहीत, उलट आकडा थोडा वाढूही शकतो. मग "अमृत" असं लिहिलेल्या पाटीखाली पोर गप्प उभी राहते. हे मी दोनदा पाहिलंय.
तुमचं मॉडेल गढूळपणा काढतं. बियांतलं प्रथिन धन प्रभाराचं, मातीचे बारीक कण ऋण प्रभाराचे. ते चिकटून जड होतात आणि खाली बसतात. नावात तेवढंच सांगा. मी "शेवगा गाळणी" म्हणेन. वस्तू कशाची आणि काम काय, दोन शब्दांत आलं.

दादरकर:
गाळणी म्हटलं की चहाची आठवते. मराठी नाव साधं वाटतं, इंग्रजीत वजन येतं.

फार्मसीवाली:
तालुक्याच्या शाळेत इंग्रजी नाव मुलीच अडखळत वाचतात. आणि ओआरएसचं मी वर लिहिलंय, ते वाचा सगळ्यांनी.

नंदू_ठाणे:
माझा अनुभव. आमच्या मॉडेलचं नाव "अमृतधारा" होतं. कोळसा न धुता भरला, आणि परीक्षकांसमोर नळ उघडला तर काळं पाणी! सगळं सभागृह हसलं. ते नाव मात्र तीस वर्षांनी अजून माझ्या वर्गमित्रांच्या लक्षात आहे. कोळसा आधी धुवा, नाव नंतर ठरवा.

गाळवाला:
बरोबर. कोळसा फडक्यात बांधून चार-पाच पाण्यांत धुवा, पाणी स्वच्छ उतरेपर्यंत. वाळूही तशीच. आणि बिया झाडावरच वाळलेल्या शेंगांतल्या घ्या. हिरव्या शेंगांतल्या चालत नाहीत.

वैद्य_नाना:
शेवग्याच्या पाल्यात तर लोह किती असतं! भाजी केली की...

मास्तरीण_इगतपुरी:
नाना, भाजीचा धागा वेगळा काढू या. गाळवाला सर, मुलींना "शेवगा गाळणी" सांगितलं. त्या म्हणाल्या, "मॅडम, हे तर भाजीवालीच्या टोपलीतलं नाव वाटतंय." त्यांची अडचण मला पटली. नाव उच्चारताना परीक्षकांनी काहीतरी करावं, असं मनात आहे.

किरण_औंध:
मग प्रयोगच नावात आणा. आम्ही कॉलेजात साध्या पद्धतीने गढूळपणा मोजायचो. उंच पारदर्शक नळी, तळाला काळी फुली. वरून बघत पाणी ओतत जायचं, फुली दिसेनाशी झाली की पाण्याची उंची मोजायची. आधीची आणि नंतरची उंची सेंटीमीटरमध्ये लिहिली की परीक्षक वाद घालत नाहीत. फुलीऐवजी नाणं ठेवलं तरी चालेल, फक्त दोन्ही वेळा तेच ठेवा.

मास्तरीण_इगतपुरी:
किरण, आज शाळेत करून पाहिलं. उंच काचेची बरणी, तळाशी एक रुपया. विहिरीच्या पाण्यात 9 सेंमीला रुपया गेला. गाळलेलं पाणी बरणीच्या काठापर्यंत, 31 सेंमी भरलं, तरी रुपया स्पष्ट दिसत होता! मागच्या बाकावरचा एक मुलगा ओरडला, "रुपया दिसला!" मुलींनी एकमेकींकडे पाहिलं आणि नाव ठरलं.
पाटीवर "रुपया दिसला!" असं लिहायचं. खडूने रंगवलेला पुठ्ठा, खर्च 12 रुपये. बरणी टेबलाच्या पुढच्या कडेला ठेवणार, परीक्षकांनी स्वतः वाकून बघायचं.

दादरकर:
हे नाव आहे का? रुपया म्हटलं तर बँकेचं मॉडेल वाटेल.

फार्मसीवाली:
मला आवडलं. 140 रुपयांच्या वस्तूला रुपयाचं नाव शोभतं.

गाळवाला:
मॅडम, नाव चांगलंय, पण माझी एक हरकत राहणारच. रुपया दिसला म्हणजे पाणी पिण्याजोगं झालं, असं बघणारा समजेल. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, आणि या गाळण्यातून ते पूर्ण जात नाहीत. पाटीखाली दुसरी ओळ हवीच: "आता उकळा." शिवाय शेवग्याचं पाणी दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवू नका. बियांचा अंश उरतो आणि पाण्याला वास येतो. प्रदर्शनाच्या दिवशी सकाळीच ताजं करा.

मास्तरीण_इगतपुरी:
सर, दुसरी ओळ मुलींना नको होती. नावाचा जोर जातो म्हणाल्या. शेवटी ती पाटीवर न घेता बरणीच्या गळ्यात दोऱ्याने चिठ्ठी बांधायचं ठरलंय. रुपया बघायला वाकलं की ती नाकासमोर येते.

गाळवाला:
चिठ्ठी परीक्षक वाचतील, पण मुलं तिच्यावरूनच बघतील. पाटीवरच हवी, असं मला अजूनही वाटतं.

नंदू_ठाणे:
कोळसा धुतलात ना?

मास्तरीण_इगतपुरी:
धुतला. पाच पाण्यांत.