मदत हवी आहे: वार्षिक अहवालाच्या तक्त्यात कंसातले आकडे सरकतात

आमच्या नाशिकच्या पतसंस्थेचा वार्षिक अहवाल वर्ड २०१६ मध्ये करतोय. तक्त्याच्या डोक्यावर एकदाच 'रक्कम रु. लाखांत' लिहिलंय आणि आकडे उजवीकडे लावलेत. पण तूट कंसात दाखवायची आहे. वरच्या ओळीत ४१२.३५, खाली (१८.६०): शेवटचा कंस कडेला जातो आणि दशांशबिंदू एका रेषेत येत नाहीत. बाकीच्या आकड्यांपुढे स्पेस दिली, पण ती कंसाएवढी रुंद नसते.

मग सेल डावीकडे लावून Decimal Tab दिला. रकमा नीट जुळल्या. आता अडलंय ते शेवटच्या दोन ओळींत: सभासद ४,२१८ आणि एनपीए २.४ %. सभासदांचा ८ दशांशबिंदूच्या जागी थांबतो आणि % उजवीकडे लोंबतं. ही दोन एककं लाखांच्या रकान्यात मुळात शोभतही नाहीत, असं मला वाटतं.

एक्सेलमधून चित्र चिकटवायचं नाही, आकडे अजून बदलताहेत. छपाई काळी-पांढरी, पीडीएफवरून. एकाआड एक ओळीला ५% राखाडी दिली होती, ती नमुना प्रतीत दिसलीच नाही.

या दोन ओळींचा वेगळा तक्ता करावा, की त्याच रकान्यात त्यांना उजवी बाजू देऊन Right Indent ने जुळवावं? आणि अक्षरं न झाकोळता छापून दिसेल अशी राखाडी किती टक्के ठेवता?