मदत हवी आहे: मटेरियल आणि लेबरचा व्हेरिअन्स बेरजेत जुळतो, पण प्रॉडक्शनला तो मान्य नाही

प्रेसशॉप_अकाउंट्स

नमस्कार मंडळी. चाकणजवळच्या एका प्रेस शॉपमध्ये मी अकाउंट्स बघते. मागच्या महिन्याचा बजेट आणि अ‍ॅक्च्युअलचा तक्ता या वेळी किंमत, वापर आणि मजुरी असा फोडून दिला. त्यावर मीटिंगमध्ये बराच वाद झाला. प्रॉडक्शनचे साहेब म्हणतात, "हा आकडा आमच्या माथी मारू नका." माझं नेमकं कुठे चुकतंय, की चुकतच नाहीये, ते सांगा.

पार्ट एकच आहे, २ मिमी सीआर कॉइलचा ब्रॅकेट. पट्टी ठरलेल्या लांबीवर कापून ब्लँक निघतो, मध्ये जाळी उरत नाही. स्टँडर्ड असं: नगाला १.२ किलो, दर ७० रुपये किलो. मजुरी नगाला ३ मिनिटं, तासाला १२० रुपये.

बजेट २०,००० नगांचं होतं. म्हणजे २४,००० किलो, १६,८०,००० रुपये. मजुरीचे १,००० तास, १,२०,००० रुपये.

प्रत्यक्षात चांगले नग निघाले २२,०००. कॉइल आली ३०,००० किलो, दर ६७. त्यातली वापरली २८,००० किलो. मजुरीचे तास १,२५०, दर तोच.

मी काढलं ते असं: दरात ३ रुपये वाचले, गुणिले २८,००० म्हणजे ८४,००० फेवरेबल. वापर ४,००० किलो जास्त, गुणिले ७० म्हणजे २,८०,००० अ‍ॅडव्हर्स. निव्वळ १,९६,००० अ‍ॅडव्हर्स, आणि बजेट व खर्चातला फरकही तेवढाच आहे. लेबरमध्ये २५० तास जास्त, म्हणजे ३०,००० अ‍ॅडव्हर्स. दोन्हीकडे बेरीज रुपयासकट जुळते. मग वाद कशाचा?

ताळेबंद७

सूत्रं बरोबर आहेत आणि बेरीजही जुळते. माझ्या मते सरळ आहे: दराचा फायदा परचेसच्या नावावर, वापराचा आणि तासांचा तोटा प्रॉडक्शनच्या नावावर. साहेबांना आवडणार नाही, पण व्हेरिअन्स काढतातच जबाबदारी ठरवायला. ४,००० किलो पत्रा गेला कुठे, हे त्यांनीच सांगायला हवं.

जुना_कॉस्टवाला

ताई, बेरीज जुळली म्हणून फोड बरोबर ठरत नाही. इथे साहेबांचं म्हणणं खरं आहे.

२४,००० किलो हे २०,००० नगांसाठी होते. तुम्ही काढले २२,०००. जास्तीच्या २,००० नगांना पत्रा लागणारच, त्याला जास्त वापर कसं म्हणणार? आधी बजेट प्रत्यक्ष उत्पादनावर आणा. २२,००० नगांना स्टँडर्डने २६,४०० किलो लागायला हवेत, लागले २८,०००. फरक १,६०० किलोचा, म्हणजे १,१२,००० रुपये अ‍ॅडव्हर्स. तुमच्या २,८०,००० मधले उरलेले १,६८,००० हे २,००० नगांचं मटेरियल आहे. ते नग विकले गेले असतील तर त्यांचे पैसेही आले असतील. तो तोटा नव्हे.

मजुरीचंही तेच. २२,००० नगांना १,१०० तास मंजूर, लागले १,२५०. म्हणजे प्रश्न २५० तासांचा नाही, १५० चा आहे. त्यातही प्रेस बंद असताना माणसं बसून होती का ते बघा. तो वेळ वेगळा काढायचा. बंद मशीनसमोर उभ्या ऑपरेटरला हळू काम करतो म्हणणं अन्याय आहे.

आता माझा प्रश्न. दर तीन रुपयांनी कमी झाला तो बाजार उतरला म्हणून, की सप्लायर बदलला म्हणून? सप्लायर बदलला असेल तर मायक्रोमीटर घेऊन कॉइलची जाडी मोजा. दोन्ही कडांना आणि मध्ये. आणि दहा ब्लँक काट्यावर ठेवा.

मोल्डिंगवाला_नाशिक

आमच्याकडे प्लॅस्टिक मोल्डिंग आहे, त्यामुळे जाडीबिडीचा प्रश्न येत नाही, पण अनुभव सांगतो. कस्टमरकडून रेट वाढवून घ्या. आम्ही दर तिमाहीला दाण्याच्या भावातला फरक मागतो आणि मिळतोही. खर्च वाढलाय हे तुमच्या तक्त्यात स्पष्ट दिसतंय, तोच जोडून पाठवा.

जुना_कॉस्टवाला

दादा, त्यांचा दर वाढलेला नाही, उतरलाय. उलट त्यांच्या कस्टमरशी स्टीलच्या भावाचा करार असेल आणि बाजार उतरला असेल, तर हे तीन रुपये कदाचित परत द्यावे लागतील. जास्त वापरलेल्या किलोंचे पैसे मात्र कोणताच कस्टमर देत नाही.

प्रेसशॉप_अकाउंट्स

काका, सप्लायर बदललाच आहे. आज स्टोअर्सच्या माणसाला घेऊन मोजलं. जाडी २.०६ ते २.१० आली, कुठेच २.०० नाही. दहा ब्लँकचं वजन १२.४८ किलो भरलं. टेस्ट सर्टिफिकेटवर मात्र २.०० लिहिलंय, आणि क्वालिटीवाले म्हणतात टॉलरन्समध्ये आहे म्हणून कॉइल परत करता येणार नाही.

बंद वेळेचंही सापडलं. जॉब कार्डांवर प्रेसच्या क्लचच्या कामात ६० तास गेल्याची नोंद आहे. रिजेक्शन रजिस्टरमध्ये ३१० नग आहेत, बहुतेक बेंडिंगला तडे गेलेले. आणि सुपरवायझर सांगतात, कडांना बर, म्हणजे कापताना उठणारी खरखरीत धार, येत होता म्हणून बरेच नग ग्राइंडरवर घ्यावे लागले.

जुना_कॉस्टवाला

मग तुमचं उत्तर त्या काट्यावरच आहे.

तुम्ही पत्रा किलोवर विकत घेता आणि लांबी-रुंदीवर कापता. जाडी वाढली की नग तोच, वजन जास्त. ब्लँक १.२४८ किलोचा झाला, म्हणजे नगामागे ४८ ग्रॅम जादा. २२,००० नगांवर ते १,०५६ किलो होतात. १,६०० पैकी एवढा वाटा प्रॉडक्शनच्या हातातच नव्हता. कितीही जपून कापलं असतं तरी तो गेलाच असता.

आता खरेदीकडे बघा. जुना हिशेब नगाला १.२ किलो गुणिले ७०, म्हणजे ८४ रुपये. नवा हिशेब १.२४८ गुणिले ६७, म्हणजे ८३ रुपये ६२ पैसे. किलोमागे तीन रुपये वाचले असं जे दिसतं, ते नगामागे ३८ पैसे आहेत. आणि त्या ३८ पैशांत तडे गेलेले नग आणि ग्राइंडरचा वेळ अजून धरलेलाच नाही. म्हणून ८४,००० चं श्रेय परचेसला आणि १,१२,००० चा जाब प्रॉडक्शनला, ही वाटणी मला पटत नाही. हे दोन आकडे एकाच खरेदीतून निघालेत, त्यांना एकाच ओळीत शेजारी मांडा.

बरबद्दल मात्र घाई करू नका. एवढ्याशा जाडीने सहसा इतका बर येत नाही. पत्रा कडक असेल तर बरही येऊ शकतो आणि बेंडिंगला तडेही जातात, म्हणून हार्डनेस तपासून घ्या. दुसरी शक्यता, डायची धार गेली असेल. ओळखायचं असं: नवी कॉइल चढवल्याबरोबर बर सुरू झाला असेल तर कॉइलचा दोष, आणि हळूहळू वाढत गेला असेल तर डायचा. ऑपरेटरला विचारा, त्याला आठवत असतं.

ताळेबंद७

जाडीचा मुद्दा मी धरला नव्हता, मान्य. पण एक सांगा, दराचा व्हेरिअन्स वापरलेल्या २८,००० वर का काढायचा? खरेदी ३०,००० किलोची आहे. ९०,००० यायला हवेत.

जुना_कॉस्टवाला

खरेदीच्या वेळी काढला तर ९०,०००, वापरावर काढला तर ८४,०००. मी स्वतः खरेदीवर काढतो, कारण परचेसला बातमी त्याच महिन्यात मिळते आणि स्टोअर्समध्ये सगळा स्टॉक ७० नेच चालतो. अडचण एवढीच की उरलेले २,००० किलो ७० ने पडून आहेत आणि घेतलेत ६७ ने. वर्षअखेरीला ते ६,००० रुपये स्टॉकच्या किमतीतून कमी करावे लागतील. काही ऑडिटर वापराचीच पद्धत मागतात. एक धरा आणि वर्षभर बदलू नका.

शिरोलीची_भट्टी

लेबरबद्दल बोलतो. आमची फाउंड्री आहे, कोल्हापूरला. नगाला ३ मिनिटं हे स्टँडर्ड कुणी, कधी आणि कुणाच्या हातावर घड्याळ लावून काढलं? आमच्याकडे मोल्डिंगचा वेळ ट्रायलच्या दिवशी घेतला होता. सगळ्यात चांगला माणूस, नवा पॅटर्न, सकाळची वेळ. मग दर महिन्याला एफिशिअन्सी अ‍ॅडव्हर्स, आणि शेवटी तो आकडा कुणी वाचेचना. तुमच्या ३ मिनिटांत डाय बदलायचा वेळ धरलाय का?

आणि माणसं शिफ्टच्या हजेरीवर असतील तर १५० तासांचे १८,००० रुपये खरोखर खिशातून गेले का तेही बघा. ओव्हरटाइम दिला असेल तरच गेले. नाहीतर हजेरी तेवढीच भरली असती, फक्त तिच्यात आणखी नग निघाले असते.

जुना_कॉस्टवाला

स्टँडर्डबद्दल अगदी मान्य. पैशाबद्दल अर्धंच मान्य. ते आणखी नग विकले गेले असते, तर न निघालेल्या नगांचा तोटा मजुरीपेक्षा मोठा आहे. ऑर्डरच नसेल तर तुमचं खरं.

शिरोलीची_भट्टी

ऑर्डर होती की नाही हे लेबरच्या तक्त्यात कुठे दिसतं? माझा आक्षेप तोच आहे.

प्रेसशॉप_अकाउंट्स

सगळ्यांचे आभार. नवा तक्ता असा केला आहे, पुन्हा एकदा नजर टाका.

मटेरियल: दर ८४,००० फेवरेबल (वापरावर; खरेदीवर जायचं का ते साहेबांना विचारते). वापर १,१२,००० अ‍ॅडव्हर्स, पण तो फोडून. जाडीचे १,०५६ किलो म्हणजे ७३,९२०, आणि हे दराच्या ओळीखालीच लिहिलंय. रिजेक्शनचे ३१० नग, साधारण ३८७ किलो. उरले १५७ किलो, ते कशातच बसत नाहीत.

लेबर: बंद प्रेसचे ६० तास, ७,२०० रुपये, मेंटेनन्सच्या नावावर. बाकी ९० तास, १०,८०० रुपये एफिशिअन्सी. त्यात ग्राइंडरचा वेळ किती ते जॉब कार्डावर वेगळं लिहिलेलंच नाही, म्हणून पुढच्या महिन्यापासून रीवर्कचा वेगळा कोड सुरू करतोय. ३ मिनिटांत डाय बदलणं धरलेलं नाही, हेही कळलं. ऑपरेटर म्हणतो बर नव्या कॉइलच्या पहिल्या दिवसापासूनच होता. हार्डनेसचा रिपोर्ट अजून यायचाय.

जुना_कॉस्टवाला

१५७ किलो म्हणजे सव्वाशे ब्लँक. महिनाअखेरीला कापलेले पण बेंडिंग न झालेले नग मोजले होते का? ते २८,००० मध्ये आलेत आणि २२,००० मध्ये नाहीत.

प्रेसशॉप_अकाउंट्स

नाही मोजले. प्रेसशेजारी दोन बिन भरलेले असतात हे मी पाहिलंय, पण त्या दिवशी त्यात किती होते ते आता कुणालाच सांगता येत नाही. महिन्याच्या सुरुवातीलाही काही असतीलच. या महिनाअखेरीला स्टोअर्सबरोबर तेही मोजून घेते. तोपर्यंत १५७ किलो "न उलगडलेले" म्हणूनच दाखवू, की रिजेक्शनमध्ये घालू? साहेब म्हणतायत घालून टाका.

शिरोलीची_भट्टी

घालू नका. एकदा घातले की रजिस्टरमधले ३१० नगही कुणी खरे मानणार नाही.